लेझीम पथकाची डोकी कुठे गेली?

वीस जणांचं लेझीम पथक आहे. दहा जण पुढे मैदानावर मांडी घालून बसलेत, दहा मागे फेटे बांधून उभे आहेत. फोन आडवा धरून कुणीतरी झकास फोटो काढला. दहाची ओळ या कडेपासून त्या कडेपर्यंत चौकट भरून आली. तोच फोटो पथकाच्या यूट्यूब चॅनेलला बॅनर म्हणून चढवला. संगणकावर उघडून पाहिलं तर पुढच्यांचे चेहरे आहेत, पण मागच्या दहाही जणांची डोकी गायब, नुसती छाती आणि पोटं. फोनवर तर दोन्ही ओळींतले मधले सहा-सहा जणच उरले. घरच्या टीव्हीवर मात्र सगळे जागेवर, फेट्यांसकट.

फोटो तोच, तरी तीन ठिकाणी तीन तऱ्हा. असं झालं की माणसं फोटो पुन्हा चढवतात, थोडा लहान करून बघतात, थोडा मोठा करून बघतात आणि शेवटी वैतागून फुलांचं एखादं तयार चित्र लावून टाकतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण नेमका किती भाग दिसणार हे साध्या त्रैराशिकाने आधीच काढता येतं.

यूट्यूबच्या बॅनरचं नेहमीचं माप २५६० × १४४० पिक्सेल. ही टीव्हीच्या पडद्याची, म्हणजे १६:९ ची चौकट, आणि टीव्हीवर ती पूर्ण दिसते. संगणकावर तिच्या मधली एक आडवी पट्टी दिसते, पूर्ण रुंदीची पण फक्त ४२३ पिक्सेल उंचीची. फोनवर याच पट्टीच्या दोन्ही बाजू आणखी आत येतात आणि मधला १५४६ × ४२३ चा तुकडा उरतो. प्रत्येक पडद्यावर नक्की दिसणारा भाग तेवढाच, म्हणून त्याला ‘सेफ झोन’ म्हणतात. आपण सुरक्षित चौकट म्हणू. काही ठिकाणी तिचं माप १२३५ × ३३८ असं दिलेलं आढळतं आणि लोक गोंधळतात. ते माप २०४८ × ११५२ च्या लहान बॅनरसाठी आहे. दोन्हींना सव्वाने गुणलं की आकडे जवळपास जुळतात. चौकट एकच आहे.

आता आपला फोटो घेऊ. बहुतेक फोन ४:३ आकाराचा फोटो काढतात. समजा ४००० × ३००० पिक्सेलचा. तो २५६० रुंदीत बसवला की उंची १९२० होते. बॅनरला हवी १४४०. म्हणजे एक चतुर्थांश उंची पहिल्याच पायरीला, वरून आणि खालून मिळून, गेली. उरलेल्यातली ४२३ ची पट्टी म्हणजे मूळ उंचीच्या फक्त २२ टक्के. फोनवर रुंदीही ६० टक्क्यांवर येते, तेव्हा मूळ फोटोचा जेमतेम १३ टक्के भाग नजरेला पडतो. आठातला एक हिस्सा!

पथकावर हे आकडे ठेवून बघा. दहा जणांची ओळ साधारण पाच मीटर रुंद. ती ४००० पिक्सेलमध्ये भरली, म्हणजे एका मीटरला ८०० पिक्सेल. दिसणारी पट्टी मूळ फोटोवर मोजली तर ६६० पिक्सेल उंच, म्हणजे प्रत्यक्षातले सुमारे ८३ सेंटिमीटर. उभ्या माणसाची उंची धरू १७० सेंटिमीटर आणि पट्टी तिच्या मधोमध. मग जमिनीपासून ४४ सेंटिमीटरपासून १२७ सेंटिमीटरपर्यंतचाच भाग दिसणार. मांडी घालून बसलेल्याचं डोकं यात येतं, उभ्या माणसाची छाती येते आणि फेटा खूप वर राहतो.

यात कुणी फोटोला मुद्दाम कात्री लावलेली नाही. चित्राचा आकार एक आणि जागेचा दुसरा असेल तर करण्यासारख्या गोष्टी दोनच आहेत. पूर्ण चित्र बसवायचं आणि कडेला रिकामी पट्टी सोडायची, किंवा जागा पूर्ण भरेपर्यंत चित्र वाढवायचं आणि बाहेर गेलेलं सोडून द्यायचं. वेबपानं बनवणारे पहिल्याला `contain` आणि दुसऱ्याला `cover` म्हणतात. रिकाम्या पट्ट्या डोळ्यांना खटकतात, म्हणून बॅनर आणि प्रोफाइल फोटोसाठी जवळजवळ सगळीकडे दुसरा मार्ग निवडतात. कुठला भाग ठेवायचा हे तुम्ही सांगितलं नाही, तर सहसा मधला ठेवला जातो. माणसाचा चेहरा मात्र फोटोच्या मधोमध क्वचितच असतो. उभ्या धरलेल्या ३००० × ४००० च्या फोटोतून मधला चौरस घेतला तर वरून ५०० आणि खालून ५०० पिक्सेल जातात. पायापासून डोक्यापर्यंत पूर्ण उभं राहून काढलेल्या फोटोत त्या वरच्या ५०० मध्येच डोकं असतं.

पथकाच्या फोटोवरचा उपाय फोटो काढतानाच करायचा असतो, आणि तो म्हणजे मागे सरकणं. पहिला फोटो चार पावलांवरून काढला असेल तर आता दहा पावलांवर जायचं, झूम न करता. अडीचपट अंतरावर एका मीटरला ३२० पिक्सेल येतील. सगळा गट १६०० × ५४४ मध्ये मावेल आणि दिसणारी जागा आहे साधारण २४१५ × ६६० ची. चारही बाजूंना श्वास घ्यायला जागा राहते आणि ती लागतेच, कारण बॅनरचे कोपरेही गोल केलेले असतात. टीव्हीवर वर आकाश आणि खाली मैदान दिसेल. ते वाईट दिसत नाही.

याची किंमतही सांगायला हवी. फोनवर बॅनरची रुंदी साधारण साडेसहा सेंटिमीटर असते, तेव्हा वरच्या हिशेबाने प्रत्येक चेहरा दोन मिलिमीटरचा होतो. फेटे, रांग, रंग कळतील. कोण कुठला ते कळणार नाही. चेहरे ओळखू यायला हवे असतील तर वीस जणांचा हट्ट सोडावा. पाच जण, कमरेपासून वर, लेझीम छातीशी धरलेली. पाचांची ही आडवी पट्टी सुरक्षित चौकटीच्या आकाराला जवळजवळ जुळते आणि चेहरा चार मिलिमीटरचा होतो. मी असतो तर हाच फोटो लावला असता आणि त्यावर पथकाचं नाव लिहिलं नसतं. चॅनेलचं नाव बॅनरखाली ठळक अक्षरात असतंच.

नाव लिहायचंच असेल तर देवनागरीची एक अडचण आहे आणि इंग्रजी अक्षरांसाठी बनवलेल्या तयार नमुन्यांत ती कुणी लक्षात घेतलेली नसते. आपली लिपी शिरोरेषेच्या वर आणि अक्षराच्या खालीही बोलते. चौकट अक्षरांना घासून गेली तर इंग्रजी शब्द तुटल्यासारखा तरी दिसतो. मराठी शब्द मात्र दुसराच होऊन बसतो. ‘मराठी’ची वेलांटी कापली गेली की उरतं ‘मराठा’. ‘खेळ’ची मात्रा गेली की ‘खळ’, ‘कुल’चा उकार गेला की ‘कल’. वाचणाऱ्याला काही कापलंय हे कळतही नाही, त्याला वाटतं लिहिणाराच चुकला. म्हणून मजकुराची उंची मोजताना शिरोरेषेपासून नाही, वेलांटीच्या टोकापासून उकाराच्या तळापर्यंत मोजायची.

प्रोफाइल फोटोच्या गोलात हे आणखी अडचणीचं होतं. चौरसातून बसेल तेवढं मोठं वर्तुळ काढलं तर ७८.५ टक्के क्षेत्रफळ उरतं. ऐकायला बरंच वाटतं, पण गेलेले साडेएकवीस टक्के सगळे कोपऱ्यांतले असतात, आणि आडव्या शब्दाची टोकं कोपऱ्यांकडेच जातात. ‘मंडळी’ची शेवटची वेलांटी तर थेट उजव्या वरच्या कोपऱ्यात. १००० पिक्सेलच्या चौरसात शब्द ९०० रुंद केला तर वर्तुळात त्याला उंची मिळते फक्त ४३६. रुंदी ७०७ वर आणली तर उंचीही ७०७ मिळते. वर्तुळात मावणारा सर्वांत मोठा चौरस हाच. मधल्या बिंदूपासून शब्दाच्या सर्वांत लांबच्या टोकापर्यंतचं अंतर ५०० पेक्षा कमी आहे ना, एवढं पाहिलं की पुरे.

हे दुखणं आजचं नाही. काचेच्या नळीच्या जुन्या टीव्हीत चित्राच्या कडा चौकटीमागे झाकल्या जात, किती ते संचागणिक वेगळं. म्हणून प्रक्षेपण करणारे महत्त्वाची हालचाल मधल्या ९० टक्क्यांत आणि अक्षरं मधल्या ८० टक्क्यांत ठेवत. छापखान्यात तर हा रोजचा नियम आहे. माझ्या मामाचा प्रेस होता. लग्नपत्रिकेचा रंग कापायच्या रेषेच्या बाहेर तीन मिलिमीटर वाढवायचा, त्याला ब्लीड म्हणायचं, आणि नावं रेषेच्या आत ठेवायची, कारण गठ्ठ्यातला प्रत्येक कागद एका रेषेत कापला जात नाही. गोल स्टिकरचं काम आलं की मामा नमुन्याच्या कागदावर स्टीलची वाटी पालथी घालून पेन्सिल फिरवायचा आणि गिऱ्हाइकाला म्हणायचा, “हे बघा, याच्या बाहेरचं विसरायचं.” प्रोफाइल फोटोसाठी मी आजही तेच करतो. कागदावर छापून वाटी ठेवली की दहा सेकंदांत उत्तर मिळतं.

बॅनरला वाटी पुरत नाही. शिवाय मापं बदलत राहतात, आणि काही ठिकाणी गोल प्रोफाइल फोटो बॅनरच्या डाव्या खालच्या भागावर चढून बसतो. एक्सवर १५०० × ५०० च्या बॅनरचं असंच होतं. अशा वेळी आकडे शोधत बसण्यापेक्षा एक चाचणीचं चित्र बनवावं. २५६० × १४४० च्या पानावर १६ उभे रकाने आणि ९ आडव्या ओळी आखायच्या, म्हणजे प्रत्येक घर १६० पिक्सेलचं चौरस होतं. प्रत्येक घरात ओळीचा आणि रकान्याचा आकडा लिहायचा: ४-७, ५-१२ असा. हे चित्र बॅनर म्हणून चढवायचं आणि फोन, संगणक, टीव्ही अशा तिन्ही ठिकाणी उघडून कुठले आकडे दिसतात ते टिपायचं. वरच्या मापांप्रमाणे यूट्यूबवर संगणकाला चौथी ते सहावी ओळ दिसेल, त्यातली चौथी आणि सहावी थोडी कापलेली. फोनवर त्याच तीन ओळींतले चौथ्यापासून तेराव्यापर्यंतचे रकाने. टीव्हीवर १-१ पासून ९-१६ पर्यंत सगळं.

दिसलेल्या घरांची ती चौकट पारदर्शक थर म्हणून जपून ठेवायची आणि नवा बॅनर तिच्याखाली सरकवून बघायचा. जुना फोटो पुन्हा काढता येण्यासारखा नसेल, पथकातले काही जण आता गावात नसतील, तर तो न कापता पूर्णच्या पूर्ण ४२३ उंचीच्या आत बसेल एवढा लहान करायचा आणि बाकीचं पान मैदानाच्या मातीच्या रंगाने भरायचं.