हातजनित्र (शालेय प्रकल्प)

हाताने दांडा फिरवून वीज तयार करणारे लहान यंत्र म्हणजे हातजनित्र. यांत्रिक ऊर्जेचे विद्युत ऊर्जेत रूपांतर कसे होते हे शिकवण्यासाठी माध्यमिक शाळांत ते प्रकल्प म्हणून केले जाते, आणि विदर्भातल्या तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनांतही ते मांडले जाते. बहुतेक वेळा दांडा फिरवला, एलईडी लागला, की प्रकल्प तिथेच संपतो. खरे शिक्षण त्यापुढे आहे. आत किती ऊर्जा घातली आणि बाहेर किती आली, हे मोजल्याशिवाय ‘रूपांतर’ हा शब्द नुसता पाठ होतो. ही नोंद मुख्यतः त्या मोजमापाविषयी आहे.

रचना. जनित्राचे तत्त्व मायकेल फॅरडे याने १८३१ मध्ये दाखवले: तारेच्या वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलत राहिले की वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होतो. हा बदल जितका वेगाने होईल तितका दाब जास्त. अडचण अशी, की माणूस दांडा आरामात सेकंदाला एकदाच फिरवतो आणि जनित्र म्हणून वापरायच्या लहान मोटारीला मिनिटाला काही हजार फेरे लागतात. हे अंतर गिअर भरून काढतात. ४८ दात्यांचे चक्र १२ दात्यांच्या चक्राला फिरवत असेल, तर वेग चौपट होतो. अशा तीन जोड्या एकापुढे एक लावल्या की ६४ पट. वर्धा-सेवाग्रामच्या परिसरात चरखा पाहिलेल्या मुलांना हे सांगावे लागत नाही, कारण मोठ्या चाकाच्या एका फेऱ्यात चाती किती फेरे घेते हे त्यांनी पाहिलेले असते. मात्र वेग ६४ पट वाढला की बल त्याच प्रमाणात घटते. गिअर ऊर्जा वाढवत नाहीत, उलट घर्षणात थोडी खातात.

सोपा मार्ग म्हणजे १२ व्होल्टची, मिनिटाला १०० फेऱ्यांची तयार गिअर मोटार घेऊन ती उलटी वापरणे. तिच्या बाहेरच्या दांड्याला मूठ बसवून फिरवले की मोटारच जनित्र होते. भंगारातली गाडीच्या वायपरची मोटार स्वस्तात मिळते, पण ती घेऊ नये. तिच्यात वर्म गिअर असतो. मोटारीने दांडा फिरतो, दांड्याने मोटार फिरत नाही. जोर लावल्यास दातेच तुटतात.

ऊर्जा मोजण्याची पद्धत. वीज मोजणे सोपे असते, हाताने लावलेली ऊर्जा मोजणे अवघड. म्हणून मोजमापापुरता हात बाजूला ठेवून वजन लावतात. मुठीच्या जागी १० सेंटिमीटर व्यासाचे लाकडी रीळ बसवायचे. गावातला सुतार ते करून देतो. त्यावर बारीक पण मजबूत दोरी एकाच थरात गुंडाळायची, कारण थरावर थर चढले तर त्रिज्या बदलते. यंत्र कुंपणाच्या भिंतीवर घट्ट बांधून दोरीला वाळूची पिशवी टांगायची. पिशवी किराणा दुकानाच्या काट्यावर तोलून घेता येते.

नमुन्यादाखल एक मांडणी घेऊ. पिशवी १.३ किलोची आणि पडण्याची उंची २ मीटर असेल, तर तिने दिलेली ऊर्जा १.३ × ९.८ × २ म्हणजे सुमारे २५.५ ज्यूल. मोटारीच्या टोकांना २२ ओहमचा, ५ वॅटचा रोधक जोडला आहे आणि मल्टिमीटर फक्त व्होल्ट मोजतो आहे. पिशवी ६.४ सेकंदांत खाली येते, म्हणजे रीळ सेकंदाला जवळपास एक फेरा घेते. त्या वेळी मीटर ५.५ व्होल्ट दाखवतो. धारा ५.५ ÷ २२ = ०.२५ अँपिअर, शक्ती सुमारे १.३८ वॅट, आणि ६.४ सेकंदांत मिळालेली विद्युत ऊर्जा ८.८ ज्यूल. कार्यक्षमता साधारण ३४ टक्के निघते.

उरलेले १६.७ ज्यूल कुठे गेले, हा प्रश्न मुलांना विचारलाच पाहिजे. त्यातला एक भाग शोधता येतो. रोधक काढून दांडा हाताने त्याच वेगाने, सेकंदाला एक फेरा, फिरवला तर मीटर ७ व्होल्ट दाखवतो. रोधक जोडल्यावर जे दीड व्होल्ट कमी झाले ते मोटारीच्या स्वतःच्या तारेत खर्च झाले. १.५ ÷ ०.२५ म्हणजे तारेचा रोध ६ ओहम, आणि तिथे उष्णता होऊन गेले २.४ ज्यूल. बाकीचे सुमारे १४.३ ज्यूल गिअरचे दाते, बेअरिंग आणि ब्रश यांच्या घर्षणात गेले. सर्वांत मोठी गळती गिअरचीच आहे, आणि गिअरशिवाय दाबही मिळाला नसता. तांब्याचा रोध तापमानाबरोबर वाढतो, २० अंशांना जवळपास ८ टक्के. त्यामुळे डिसेंबरात घेतलेली नोंद आणि ४५ अंशांच्या मे महिन्यात घेतलेली नोंद जुळली नाही तर मुलांचे चुकले असे समजू नये. नोंदीत तापमानही लिहावे.

१.३८ वॅटने महावितरणच्या बिलातले एक युनिट तयार करायला ७२७ तास लागतील, म्हणजे रात्रंदिवस महिनाभर. ‘मोटारीने जनित्र फिरवा आणि त्याच जनित्राने मोटार चालवा’ असे प्रकल्पही प्रदर्शनांत येतात. ३४ टक्क्यांचा आकडा स्वतः काढलेल्या मुलाला ते का चालणार नाहीत हे वेगळे समजवावे लागत नाही.

चुका कशा ओळखाव्यात. मल्टिमीटर अँपिअरवर ठेवून सरळ मोटारीच्या टोकांना लावला तर दांडा एकाएकी जड होतो आणि कमी मर्यादेवर असल्यास मीटरचा फ्यूज जातो. मोटार शॉर्ट झाल्याची ही खूण आहे, म्हणून धारा ओहमच्या नियमाने काढणे बरे. दांड्याच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा ‘टक’ आवाज येऊन व्होल्ट खाली जात असतील, तर शेवटच्या मोठ्या चक्राचा दाता तुटला आहे. दांडा फिरतो पण व्होल्ट मधूनच शून्य होतात, तेव्हा मुठीचा स्क्रू घसरत असतो. एलईडी हा मोजमापासाठी चांगला भार नाही, कारण त्याचा रोध स्थिर नसतो.

भार बदलल्यास. सर्वांत शिकण्यासारखा प्रयोग म्हणजे पिशवी तीच ठेवून रोधक बदलणे. रोधक काढून टाकला तर पिशवी दीड-दोन सेकंदांत धाडकन खाली येते. मोटारीची टोके एकमेकांना जोडली तर तीच पिशवी जवळपास अर्धा मिनिट रेंगाळते. वेटोळ्यातली धारा फिरण्याला विरोध करते, हा लेंझचा नियम इथे डोळ्यांनी दिसतो. १० ओहमचा रोधक लावला तर पिशवीला सुमारे ११ सेकंद लागतात आणि मीटर २.५ व्होल्ट दाखवतो. धारा पुन्हा ०.२५ अँपिअरच येते. ४७ ओहमला वेळ साडेतीन सेकंदांच्या आसपास आणि दाब जवळपास पावणेबारा व्होल्ट, पण धारा तीच. कारण मोटारीचा विरोधी जोर धारेच्या प्रमाणात असतो आणि टांगलेले वजन तो जोर ठरवून टाकते. घर्षण वेगानुसार थोडे बदलते, त्यामुळे प्रत्यक्ष नोंदी या आकड्यांपासून थोड्या सरकतात. वजन वाढवले की मात्र धारा वाढते, आणि रोधक तोच असेल तर पिशवीचा वेगही.