चाळीस टक्के अरुंद म्हणजे चाळीस टक्के धोका नव्हे

मानेच्या डॉपलरचा, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट घेऊन परवा एक मुलगा आईला घेऊन आला. आई 58 वर्षांच्या, मधुमेह बारा वर्षांचा. रिपोर्टात लिहिलेलं: डाव्या इंटर्नल कॅरोटिडच्या सुरुवातीला मऊ प्लाक, 40 टक्के स्टेनोसिस. म्हणजे मानेतून मेंदूला रक्त नेणारी डावी नळी तिथे अरुंद झाली आहे. मुलाने विचारलं, "डॉक्टर, म्हणजे आईला पक्षाघाताचा झटका यायची शक्यता चाळीस टक्के?" आई त्याला समजावत होत्या, "अरे, साठ टक्के रक्त जातंय ना!" एका आकड्याचे दोन अर्थ, आणि दोन्ही चुकीचे. हा घोळ मी आठवड्यातून दोनदा तरी निस्तरतो.

साखरेने रक्तवाहिन्या खराब होतात हे मधुमेही घरांना सांगायला नको. भिंत थोडी जाड झाली असेल तर त्याला आयएमटी वाढली म्हणतात, आणि तेवढ्यावरून घाबरायचं कारण नाही. भिंतीवर चरबीचा उंचवटा आला की तो प्लाक.

आता तो आकडा. स्टेनोसिसचे टक्के म्हणजे नळीचा व्यास किती कमी झाला, एवढंच. समजा पुढची निरोगी नळी 5 मिमी आहे आणि प्लाकपाशी 3 मिमी वाट उरली आहे. व्यास 2 मिमीने घटला, म्हणजे 40 टक्के. पण त्याच नळीचं आडवं क्षेत्रफळ मोजलं तर घट 64 टक्के येते. काही ठिकाणी क्षेत्रफळाचा आकडा छापतात आणि तो कशाचा हे लिहीतच नाहीत. याचा मला मनस्वी राग आहे. माणूस तोच, नळी तीच, आणि एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात गेल्यावर "ब्लॉकेज वाढलं" म्हणून घर रडत बसतं.

पडताळा त्याच कागदावर असतो. पीएसव्ही म्हणजे रक्ताचा सर्वाधिक वेग बघा. तो सेकंदाला 125 सेंटिमीटरच्या आत असेल, तर व्यासाने अरुंदपणा बहुधा पन्नास टक्क्यांच्या आत असतो. 230 च्या वर गेला, तर सत्तर किंवा जास्त. रिपोर्टात 64 टक्के आणि वेग 90 असेल, तर तो आकडा क्षेत्रफळाचा असण्याची शक्यता मोठी. सोनोलॉजिस्टला फोन करून विचारा. मधुमेहींत प्लाकमध्ये बऱ्याचदा कॅल्शियम साचतं, त्याची सावली पडते आणि नळी नीट दिसत नाही. तेव्हाही वेगाचाच आधार घ्यावा लागतो.

आणि आईंचा साठ टक्क्यांचा हिशेब? चाळीस टक्के अरुंद नळीतून मेंदूला जाणारं रक्त जवळजवळ घटत नाही, कारण अरुंद जागी वेग वाढतो. मानेच्या प्लाकमुळे येणारा झटका बहुतेक वेळा रक्त कमी पडल्याने येत नाही. प्लाकचा पृष्ठभाग फुटतो, त्यावर गुठळी धरते आणि तिचा तुकडा सुटून वर मेंदूत अडकतो. म्हणून सोनोग्राफीत काळसर दिसणारा मऊ प्लाक, आकडा लहान असला तरी, मला खटकतो.

मग धोका किती? 1995 साली छापल्या गेलेल्या एसीएएस या अमेरिकी चाचणीत साठ टक्क्यांहून अधिक अरुंद नळी, पण त्या बाजूची लक्षणं नाहीत, अशी माणसं होती. शस्त्रक्रिया न करता औषधांवर ठेवलेल्यांत त्या बाजूच्या झटक्याचा धोका पाच वर्षांत 11 टक्के निघाला. पाच वर्षांत! कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांच्या आजच्या काळात तो आणखी कमी आहे. उलट नॅसेट चाचणीत सत्तर टक्क्यांवर अरुंद आणि नुकतीच लक्षणं येऊन गेलेल्यांत औषधांवर तो दोन वर्षांतच 26 टक्के होता. धोका खऱ्या अर्थाने बदलतो तो लक्षणांनी.

मधुमेहींचे बरेच झटके मेंदूच्या आतल्या बारीक वाहिन्यांतून येतात, त्या या तपासणीत दिसतच नाहीत. म्हणून "मान क्लिअर आहे" म्हणून बीपीची गोळी सोडणारे मला 40 टक्केवाल्यांपेक्षा जास्त काळजीत टाकतात. प्लाक दिसला की आकडा 20 असो वा 40, स्टॅटिन सुरू व्हायला हवं. दर तीन महिन्यांनी डॉपलर करायला सांगणाऱ्यांचं ऐकू नका.

हे सगळं सांगून झाल्यावर मी आईंना नेहमीचा प्रश्न विचारला: कधी हात-पाय लुळा पडला, बोबडी वळली, एका डोळ्यापुढे पडदा आला? त्या मुलाकडे बघत म्हणाल्या, "मंगळवारी पोळ्या लाटताना उजव्या हातातून लाटणं सुटलं. पाच मिनिटांनी हात ठीक झाला, म्हणून सांगितलं नाही."

डावी कॅरोटिड, उजवा हात. मेंदूची डावी बाजूच उजवा हात चालवते. त्यांना त्याच दुपारी एमआरआय आणि ईसीजीसाठी पाठवलं. पन्नासच्या आत शस्त्रक्रियेचा फायदा नाही, पण गुठळीवरची औषधं त्याच दिवशी सुरू झाली.