ऑटोकॅड की थ्रीडी? उद्यमबागेतून दिसणारी पार्श्वभूमी

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी आमच्या ओळखीचा एक मुलगा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत, ओतकामाचे लाकडी नमुने बनवणाऱ्या एका पॅटर्न शॉपमध्ये गेला होता. बेअरिंग हाउसिंगचं थ्रीडी मॉडेल त्याने लॅपटॉपवर गोल फिरवून दाखवलं. मिस्त्रींनी शांतपणे पाहिलं आणि म्हणाले, "बाळा, चित्र झक्कास आहे. पण बोअर किती, मशिनिंगला माल कुठं सोडायचा, हे कागदावर आहे का?" तो "आहे मामा" म्हणाला खरा, पण कागद नव्हता. ऑटोकॅडवरचं टूडी ड्रॉइंग शिकू की थ्रीडी मॉडेलिंग, हा प्रश्न बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मुलं दरवर्षी विचारतात. त्याचं उत्तर शोधायला ही दोन्ही साधनं कशासाठी जन्माला आली तिथपासून सुरुवात करावी लागते.

ऑटोकॅड बाजारात आलं 1982 च्या डिसेंबरात. ड्रॉइंग बोर्डावर चालणारं काम साध्या पर्सनल कॉम्प्युटरवर व्हावं, एवढाच त्याचा हेतू होता. म्हणून त्याची सगळी रचना बोर्डाचीच आहे. रेघ, वर्तुळ, कंस हे सगळं हाताने काढायचं आणि वेगवेगळ्या प्रकारच्या रेघा वेगवेगळ्या लेयरवर ठेवायच्या. समोरचा व्ह्यू, वरचा व्ह्यू आणि सेक्शन ही तीन स्वतंत्र चित्रं असतात. ती एकाच वस्तूची आहेत हे काढणाऱ्याला ठाऊक असतं, फाइलला नाही. ट्रेसिंग पेपर आणि अमोनिया प्रिंटवर आयुष्य घालवलेल्या ड्राफ्ट्समनला हे लगेच जमलं. लहान कारखान्यांत ऑटोकॅड इतकं घट्ट रुजलं, त्याचं मोठं कारण हेच. पुढे त्यातही थ्रीडी सॉलिड आले, पण बहुतेक शॉपमध्ये ते कुणी वापरलंच नाही.

दुसरी वाट 1988 मध्ये प्रो-इंजिनिअरने पाडली. त्यात रेघा काढत नाहीत, वस्तू घडवतात. आधी स्केच, मग त्याला जाडी, मग भोक, मग कोपऱ्याची गोलाई म्हणजे फिलेट, आणि प्रत्येक पायरी क्रमाने लक्षात ठेवली जाते. माप बदललं की वस्तू बदलते आणि तिच्यापासून काढलेले सगळे व्ह्यूही बदलतात. पण त्याला लागणारी वर्कस्टेशन लहान कारखान्याच्या आवाक्याबाहेरची होती. 1995 मध्ये सॉलिडवर्क्स आणि त्याच सुमाराला सॉलिड एज विंडोजच्या साध्या संगणकावर आले, तेव्हा कुठे ही पद्धत कॉलेजांपर्यंत पोहोचली.

आपल्या भागात यातून एक गमतीची फूट पडली. 1998 मध्ये विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ बेळगावात सुरू झालं आणि पुढे त्याच्या पहिल्या वर्षाच्या ड्रॉइंगच्या विषयात सॉलिड एज वर्षानुवर्षं चालत आलं. डिप्लोमाच्या मुलांचा हात मात्र बहुधा ऑटोकॅडवर बसलेला असतो. त्यामुळे एकाच शॉपमध्ये इंजिनिअर मॉडेल करतो आणि डिप्लोमावाला त्याचं ड्रॉइंग काढतो, असं अनेकदा दिसतं.

आता त्या हाउसिंगकडे वळू. मुलाने 6208 बेअरिंग धरलं होतं, म्हणजे आतला व्यास 40, बाहेरचा 80, रुंदी 18 मिलिमीटर. गाइडने लोड पाहून 6308 घ्यायला सांगितलं. आतला व्यास तोच, पण बाहेरचा 90 आणि रुंदी 23.

ऑटोकॅडमध्ये हा बदल करायचा तर समोरच्या व्ह्यूतलं वर्तुळ, सेक्शनमधल्या दोन रेघा, वरच्या व्ह्यूतल्या तुटक रेघा, बेअरिंग बसण्याची खोली आणि कव्हरच्या बोल्टचं वर्तुळ, सगळं एकेक करून बदलायला हवं. एखादा व्ह्यू राहिला तर कागदच स्वतःशी भांडतो. मॉडेलमध्ये एक माप बदललं की व्ह्यू आपोआप बदलतात. पण तिथे दुसरा धोका आहे. बोअरच्या भोकाभोवतीची जाड गोल भिंत म्हणजे बॉस. त्याचा बाहेरचा व्यास 104 असा नुसता आकडा म्हणून टाकला असेल तर बोअर 90 होतं, बॉस 104 च राहतो आणि भिंत 12 वरून 7 मिलिमीटरवर येते. सॉफ्टवेअर काहीच बोलत नाही. बॉस म्हणजे बोअर अधिक 24 असं नातं बांधलं असतं तर तो 114 झाला असता. म्हणून थ्रीडी येतं का हे पाहायला मॉडेल किती देखणं आहे हे बघू नका, एक माप बदलून बघा. सॉलिडवर्क्समध्ये स्केचच्या रेघा निळ्या दिसल्या तर मापं अपुरी आहेत. काळ्या झाल्या की स्केच पक्कं बांधलं गेलं.

टूडीतला सगळ्यात महाग पडणारा दोष वेगळाच आहे, आणि मी तो डोळ्यांनी पाहिलाय. घाईत कुणीतरी रेघ न हलवता नुसता मापाचा आकडा खोडून नवा लिहितो. छापील कागदावर 90 दिसतं, रेघा मात्र 80 वरच असतात. लेथवाला आकडा वाचतो, त्यामुळे निभावतं. तीच फाइल डीएक्सएफ करून लेझर कटिंगला गेली की मशीन आकडा वाचत नाही, रेघेवरून जातं आणि प्लेट 80 ची कापून येते. ओळखायचं कसं? माप निवडून Properties उघडा. तिथे Text override च्या रकान्यात काही लिहिलेलं असेल तर ते माप हाताने भरलेलं आहे. खरं माप त्याच्या जवळच Measurement मध्ये दिसतं.

म्हणून मी मुलांना विचारतो, तुझं ड्रॉइंग कुठल्या मशीनकडे जाणार? शीट मेटल, लेझर, साधा जॉब-शॉपचा लेथ इथे टूडी पुरतं. उद्यमबागेत किंवा सीमेपलीकडे कोल्हापूरच्या शिरोलीत पहिली नोकरी बहुतेक अशाच कामाने सुरू होते. हत्तरगीच्या विमान-भागांच्या कारखान्यांत मात्र मशीनचा प्रोग्रॅमच मॉडेलवरून बनतो, तिथे थ्रीडीशिवाय दार उघडत नाही. तिथे जाणाऱ्याने आणखी एक सवय लावून घ्यावी. कागदावर व्ह्यू मांडायची आपण फर्स्ट अँगल पद्धत शिकतो, अमेरिकन ग्राहकाचं ड्रॉइंग थर्ड अँगलमध्ये येतं. कोपऱ्यातलं शंकूचं चिन्ह न पाहता वाचलं तर डावी बाजू उजवी होते.

आणि फाउंड्रीसाठी? तिथे दोन्ही लागतं. मॉडेलमध्ये 90 चं बोअर हे तयार झालेलं माप असतं. मशिनिंगसाठी दोन्ही बाजूंनी 3 मिलिमीटर सोडले तर ओतीव भोक 84 हवं. ग्रे कास्ट आयर्न थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून भोकाच्या जागी बसणारा वाळूचा कोअर ज्यात घडतो तो कोअर बॉक्स 84.8 च्या आसपास करायचा. शिवाय पॅटर्न मातीतून सुटावा म्हणून बाजूंना एक-दोन अंशांचा उतार. नुसतं मॉडेल फिरवून यातलं काही सांगता येत नाही.

तो मुलगा पुढच्या आठवड्यात परत गेला, मॉडेलवरून काढलेलं दोन पानांचं ड्रॉइंग घेऊन. मशिनिंगच्या जागा त्याने त्रिकोणी खुणांनी दाखवल्या होत्या आणि बॉस 114 केला होता. मिस्त्रींनी धातूच्या आकसण्याइतकी वाढवून आखलेली कॉन्ट्रॅक्शनची पट्टी काढली, 84 वर नख ठेवलं आणि लाकूड निवडायला आत गेले.