बोगनवेलीचा काटा आणि फुलोरा: एकाच डोळ्याची दोन रूपं

नर्सरीतून आणली तेव्हा गुलाबी रंगाने लगडलेली बोगनवेल पावसाळ्यात कठड्यावरून पाच-पाच फूट झेपावते, पानं तळहाताएवढी होतात, पण ऑक्टोबर उजाडला तरी रंगाचा ठिपका दिसत नाही. मग ठरलेला सल्ला मिळतो: पाणी तोडा, जरा छळा, म्हणजे फुलेल. सल्ला अर्धा बरोबर आहे. ‘मरायची भीती वाटली की झाड फुलतं’ हे त्यामागचं कारण मात्र चुकीचं आहे, आणि ते खरं मानून लोक नेमक्या नको त्या आठवड्यात पाणी तोडतात.

बोगनवेलीत आपण ज्याला फूल म्हणतो ती खरं तर रंगीत पानं आहेत. शास्त्रीय मराठीत त्यांना छद म्हणतात. तीन छदांच्या मधोमध ज्या तीन बारीक पांढरट नळ्या दिसतात, ती खरी फुलं. प्रत्येक फुलाचा देठ एकेका छदाच्या मधल्या शिरेला चिकटलेला असतो. त्यामुळे छद कमी आले याचा अर्थ फुलोराच कमी धरला. धरायला हवा होता तो फुलोरा कुठे गेला, हे फांदीवरच बघता येतं.

भरभर वाढलेली एक लांब फांदी हातात घ्या आणि पानाच्या बगलेत बघा. तिथे एक टोकदार काटा असेल, आणि काटा व देठ यांच्या बेचक्यात मोहरीएवढा एक डोळा असेल. म्हणजे एका बगलेत दोन डोळे होते. खालचा डोळा फुटला तर फांदी होते. वरचा डोळा एक तर काटा होतो, नाही तर फुलोरा. काटा आणि फुलोऱ्याचा दांडा हे मुळात एकच अवयव आहेत, कोवळेपणी तर दोघांत फरकही ओळखू येत नाही. डोळ्याला पुरेशी साखर मिळाली तर त्याला फाटे फुटतात, छद येतात. नाही मिळाली तर वाढ तिथेच खुंटते, टोक कडक होतं आणि काटा तयार होतो. काटेरी झाड दारात नको म्हणून बोगनवेल हलवायला सांगणाऱ्या वास्तुतज्ज्ञांनी ही बगल एकदा भिंगातून बघावी.

साखर कमी का पडते? शेंड्याची कोवळी पानं अजून स्वतःपुरतीही साखर बनवत नाहीत, खालच्या जून पानांनी बनवलेली साखर ती ओढून घेतात. शिवाय कोवळ्या पानांत जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक तयार होतं, आणि ते वरच्या डोळ्याला काट्याकडे झुकवतं. सायटोकायनिन हे दुसरं संप्रेरक त्याला फुलोऱ्याकडे झुकवतं. 1970 च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी नेमकं हेच तपासलं: फुलोरा धरत नाही अशा परिस्थितीत ठेवलेल्या बोगनवेलीची कोवळी पानं काढून टाकली, तर फुलोरा वाढू लागला. म्हणजे भांडण पानं आणि फुलं यांच्यात नाही. जून पानं फुलोऱ्याची पोशिंदी आहेत, वाटेकरी आहेत ती फक्त शेंड्याची कोवळी पानं.

आता ताणाचा अर्थ लागतो. पाणी जरा कमी पडलं की सगळ्यात आधी कोवळ्या पानांची वाढ थांबते, कारण पेशी ताणून मोठ्या व्हायला आतून पाण्याचा दाब लागतो. जून पानांचं साखर बनवणं मात्र बऱ्याच अंशी चालू राहतं. खर्च थांबला, कमाई चालू, आणि शिल्लक डोळ्याकडे. ताण याहून वाढला तर पानं गळतात आणि कमाईच बुडते. पानं झडेपर्यंत पाणी तोडणं म्हणूनच उलटं पडतं.

उजेडाचा हिशोबही हाच. पुण्यात जूनच्या अखेरीस दिवस सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरात अकराचा. लहान दिवस फुलोऱ्याला अनुकूल असतात, पण ऊन कडक असेल तर मोठ्या दिवसांतही बोगनवेल फुलते, म्हणून मे महिन्यातल्या कुंपणावर रंग दिसतो. पावसाळ्यात तिन्ही गोष्टी एकदम विरोधात जातात: दिवस मोठा, आकाश झाकोळलेलं, मुळाशी भरपूर पाणी. रोज निदान पाच-सहा तास थेट ऊन हवं, म्हणजे हाताची सावली कडेने स्वच्छ उमटेल असं. उत्तरेकडच्या बाल्कनीत खत, छाटणी, ताण यांपैकी काहीही केलं तरी ही उणीव भरून निघत नाही.

छाटणीची गरजही त्या बगलेतूनच कळते. कडक झालेला काटा पुन्हा फुलोरा होत नाही. पावसाळ्यातल्या पाच फुटी फांदीवरचे बहुतेक वरचे डोळे काटे होऊन बसलेले असतात, त्यामुळे नवी फांदी आणि नवे डोळे हवेत. बारा इंची कुंडी आणि पूर्वेची बाल्कनी धरून चालू. पाऊस थांबला की ऑक्टोबरच्या सुरुवातीला कुंडी गच्चीवर न्या. लांब फांद्या फूट-दीड फूट ठेवून कापा, आत वळलेल्या आणि बारीक काड्या मुळापासून काढा. यानंतर दोन-तीन आठवडे नेहमीसारखं पाणी द्या. ही पायरी गाळली तर खालचे डोळे फुटतच नाहीत, आणि ताण द्यायला नवी फांदीच उरत नाही.

नवे फुटवे चार-सहा इंचांचे झाले की ताण सुरू करा. वरची दोन इंच माती सुकू द्या आणि शेंडे बघा. दुपारी माना टाकून संध्याकाळी सावरले तर थांबा. सकाळीही मान टाकलेलीच असेल तर अर्धा लिटर पाणी द्या, जास्त नको. असं दोन-तीन आठवडे करा. मग एके दिवशी बगलेत काट्याऐवजी तांदळाच्या कणीएवढा, टोकाला फाटे असलेला कोंब दिसेल. त्या दिवशी ताण संपला. कुंडीच्या तळातून पाणी निथळेपर्यंत भरपूर पाणी द्या आणि इथून पुढे सुकू देऊ नका, कारण छद मोठे व्हायलाही पाण्याचा दाबच लागतो. सगळ्यात जास्त फुलोरा वाया जातो तो इथे: कळी दिसल्यावर ‘अजून थोडं छळू’ म्हणून, आणि कळ्या सुकून झडतात. सगळं जमलं तर छाटणीपासून सहा-आठ आठवड्यांत रंग चढतो.

कळी दिसेपर्यंत नत्र बंद, म्हणजे युरिया नको आणि मूठमूठ गांडूळखतही नको. कळी दिसल्यावर 19:19:19 खत लिटरभर पाण्याला एक ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा पुरे. ‘ब्लूम बूस्टर’च्या बाटलीतल्या जादा स्फुरदाने काट्याचा फुलोरा होत नाही. सावलीतल्या वेलीवर ते ओतणं म्हणजे पैसे मातीत घालणं.

एवढं करूनही ताण लागतच नसेल, आठ दिवस पाणी न देता शेंडे ताठच असतील, तर कुंडी उचलून बघा. जमिनीवर ठेवलेल्या कुंडीच्या भोकातून मूळ कधीच खाली उतरलेलं असतं, आणि वेल बागेतलं पाणी पीत असते. ते मूळ कापायचं, कुंडी विटांवर ठेवायची आणि वेल सावरेपर्यंत आठवडाभर पाणी द्यायचं. दर पंधरा दिवसांनी कात्रीने कुंपण सारखं करणाऱ्यांची अडचण वेगळी असते: तिथे डोळे फुलोरा धरतात, पण ते नव्या फांदीच्या शेंड्याकडे असल्याने दर खेपेला पालापाचोळ्याबरोबर कचऱ्यात जातात. वाकून कापलेले शेंडे चाळले तर त्यात तांदळाच्या कणीएवढे कोंब सापडतात.