डिकॅफ म्हणजे शून्य कॅफीन नव्हे

कॉफीतले कॅफीन काढून टाकण्याची व्यापारी पद्धत प्रथम बसवली ती जर्मनीतील ब्रेमेनचे कॉफी व्यापारी लुडविग रोझेलिउस यांनी. समुद्राच्या पाण्यात भिजलेल्या मालावरून त्यांना ही कल्पना सुचली, अशी आख्यायिका आहे. 1906 साली त्यांनी ‘काफे हाग’ ही कंपनी काढली. हिरव्या बिया मिठाच्या पाण्याच्या वाफेवर फुगवायच्या आणि मग बेंझीनने धुऊन त्यातले कॅफीन ओढून घ्यायचे, अशी त्यांची रीत होती. बेंझीन घातक असल्याचे कळल्यावर ते मागे पडले. पुढे इतर द्रावके, साधे पाणी आणि उच्च दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड वापरात आले. मात्र यातल्या कोणत्याही पद्धतीत बी जितकी जास्त वेळ धुवावी तितका स्वाद व सुगंधही कॅफीनबरोबर जातो, त्यामुळे कुठेतरी थांबावेच लागते.

हे थांबणे कायद्यानेही मान्य केले आहे. युरोपीय संघात भाजलेल्या डिकॅफ कॉफीत 0.1 टक्क्यापर्यंत, तर इन्स्टंट डिकॅफमध्ये 0.3 टक्क्यापर्यंत कॅफीन चालते. दहा ग्रॅम पूड घेऊन कप केला, तर या मर्यादेत राहूनही त्यात 10 मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन असू शकते. साध्या कपात ते 80 ते 100 मिलिग्रॅम असते. डिकॅफ चहात ते सहसा आणखी कमी, काही मिलिग्रॅमच उरते. (ग्रीन टी म्हणजे डिकॅफ, हा आपल्याकडचा समज मात्र चुकीचा आहे.)

निरोगी माणसाची झोप रात्रीच्या एका डिकॅफ कपाने सहसा बिघडत नाही, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. प्रश्न येतो तो कॅफीन शरीरातून सावकाश बाहेर पडणाऱ्यांचा. एरवी पोटात गेलेले कॅफीन निम्मे व्हायला साधारण पाच तास लागतात, पण गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत हाच काळ पंधरा तासांच्या घरात जातो. अशा स्त्रीने रात्री आठला दोन कप, म्हणजे 20 मिलिग्रॅम घेतले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी अकरालाही त्यातले सुमारे 10 मिलिग्रॅम शरीरात असतील. बाळाच्या दृष्टीने हे प्रमाण थोडे आहे, कारण गरोदरपणात दिवसाला 200 मिलिग्रॅमची मर्यादा सांगितली जाते. पण ज्या स्त्रीची झोप आधीच तुटक आहे, तिने डिकॅफचे कपही हिशेबात धरावेत.

फ्लुवोक्झामिन हे नैराश्य व मंत्रचळावरचे औषध घेणाऱ्यांनी अधिक जपावे. कॅफीनचे विघटन करणारे यकृतातले विकर ते जवळजवळ बंद पाडते, त्यामुळे रोजचा थोडा थोडा साठा वाढत जातो. यकृताचा सिरॉसिस असणाऱ्यांचेही असेच होते. औषध स्वतःहून बंद करू नये. संध्याकाळचा डिकॅफ आठवडाभर थांबवून झोप सुधारते का ते पाहावे आणि सुधारली तर डॉक्टरांना तसे सांगावे.