फर्निचरनुसार वीज पॉइंटची आखणी (ग्रामीण विदर्भ)

नवीन घराच्या भिंतींना प्लास्टर होण्याआधी, कोणत्या खोलीत दिवाण, कपाट, कूलर, फ्रीज कुठे राहणार हे ठरवून त्याप्रमाणे बोर्ड, प्लग, पंखा आणि दिव्यांच्या जागा नक्की करण्याच्या कामाला ही आखणी म्हणतात. बुजलेल्या म्हणजे कन्सील फिटिंगमध्ये पाईप आणि लोखंडी डबे भिंतीत गाडले जातात. त्यानंतर जागा बदलायची तर प्लास्टर फोडावे लागते. खेड्यात बहुतेकदा मालक बांधकामाच्या धावपळीत असतो आणि वायरमन दाराजवळ एक बोर्ड, मधोमध पंखा, समोर ट्यूबलाईट असा ठरलेला साचा मारून मोकळा होतो. मग बोर्ड कपाटामागे गेलेला दिसतो आणि कूलरसाठी खोलीभर एक्स्टेंशनची वायर लोळते.

खरे तर पहिला निर्णय भिंतीचा नसतोच, तो स्लॅबचा असतो. पंख्याचा डबा आणि त्याकडे जाणारे पाईप सळईच्या जाळीत बांधून मगच काँक्रीट पडते, त्यामुळे पंख्याची जागा प्लास्टरच्या कितीतरी आधी पक्की होते. दिवाण कुठे टाकायचा हे स्लॅबच्या दिवशी माहीत नसेल तर पंखा खोलीच्या मध्यावर बसतो, आणि मे महिन्यात वारा मोकळ्या फरशीवर पडतो.

एक खोली धरून पाहू. पूर्व-पश्चिम १२ फूट, दक्षिण-उत्तर १० फूट. दार दक्षिण भिंतीत, अगदी पश्चिमेच्या कोपऱ्याला. त्याचा पल्ला आत उघडून पश्चिम भिंतीला टेकतो. खिडकी पूर्व भिंतीच्या मध्यावर, ४ फूट रुंद, तिच्याबाहेर लोखंडी स्टँडवर कूलर. उत्तरेला डोके करून झोपत नाहीत, म्हणून ५ फूट रुंद दिवाणाचे उशाकडचे टोक दक्षिण भिंतीला लागते आणि तो पश्चिम भिंतीपासून ५ फुटांवर सुरू होऊन १० फुटांवर संपतो. कपाट पश्चिम भिंतीच्या उत्तर टोकाला.

आता चुन्याने किंवा खडूने हे सगळे जमिनीवर आखायचे, दाराच्या पल्ल्याची कमानसुद्धा. आखले की चार गोष्टी आपोआप दिसतात. पश्चिम भिंतीवर दाराजवळ बोर्ड घेता येत नाही, कारण तो पल्ल्यामागे जाईल. तो चौकटीच्या दुसऱ्या बाजूला, कडीकडे घ्यावा लागतो. पंखा मध्यापासून एक फूट पूर्वेला आणि एक फूट दक्षिणेला सरकवला तर दिवाणावर येतो आणि ४८ इंची पात्यांना भिंतीपासून दोन फूट मोकळीकही राहते. ट्यूबलाईट उत्तर भिंतीवर साडेसात फुटांवर घ्यावी. कपाटाच्याच भिंतीवर वर लावली तर कपाट उघडल्यावर आतले कप्पे अंधारात राहतात. पंख्याच्या पात्यांच्या वर मात्र दिवा नको, नाहीतर खोलीभर सावली लुकलुकते. चौथी गोष्ट म्हणजे दिवाणाच्या पूर्वेला उरलेले दोन फूट. तिथे जमिनीपासून अडीच फुटांवर छोटा बोर्ड घेऊन त्यात दिव्याचा टू-वे स्विच आणि मोबाईलचा प्लग द्यावा. दाराजवळचा बोर्ड साडेचार फुटांवर असतो, झोपल्या जागेवरून तिथे हात पोहोचत नाही.

कूलरचा प्लग हा या भागातल्या आखणीचा सगळ्यात नाजूक भाग आहे. लोखंडी टाकी, पाणी आणि जुनी वायर एकत्र आली की उन्हाळ्यात शॉक लागतो. म्हणून प्लग खिडकीच्या खाली कधीच नको. तो खिडकीच्या बाजूला, चौकटीपासून सहा-आठ इंचांवर आणि खिडकीच्या खालच्या कडेहून किमान फूटभर वर घ्यावा. कूलरची वायर आधी खाली लोंबून मग प्लगकडे चढली पाहिजे, म्हणजे तिच्यावरून ओघळलेले पाणी लोंबत्या ठिकाणीच गळते. प्लगला स्वतंत्र स्विच हवा, कारण पाणी भरताना तो बंद करायचा असतो. तीन पिनांतली अर्थिंगची पिन खरोखर अर्थिंगच्या खड्ड्याला जोडलेली असावी, आणि मेन बोर्डात वीज गळू लागताच पुरवठा तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी. जादा भार किंवा शॉर्टसर्किट झाल्यावरच पडणाऱ्या नुसत्या एमसीबीवर भरवसा ठेवू नये. माणसाला मारणारा प्रवाह तिला कळतही नाही.

यवतमाळ, वर्धेकडे ज्या घरांत कापूस भाव येईपर्यंत ठेवतात, तिथे कापसाची गंजी हेच त्या खोलीचे फर्निचर समजावे. दिवाळीनंतर ती खिडकीच्या वर चढते. तिच्या भिंतींवर प्लग नकोच. ढिल्या पिनेची ठिणगी कापसाला पुरते. दिवा दाराच्या वरच्या भिंतीवर, काचेच्या बंद आवरणात, आणि स्विच खोलीबाहेर. फवारणीच्या बॅटरी पंपाच्या चार्जिंगचा प्लगही निजण्याच्या खोलीत न घेता सपरीत घ्यावा, कारण औषधाचा वास पंपाला लागलेलाच असतो. ही सोय आराखड्यात सहसा कोणी मागत नाही, मग पंप पाळण्याशेजारी चार्ज होतो.

उंची मोजताना हमखास फसगत होते. प्लास्टरच्या वेळी जमीन कच्ची असते. त्यावर भराव आणि फरशी मिळून दोन-तीन इंच किंवा जास्त चढते. कच्च्या जमिनीपासून साडेचार फूट मोजलेला बोर्ड फरशीनंतर सव्वाचार फुटांवर येतो, आणि खालचे प्लग तर आणखीच बुटके दिसतात. म्हणून गवंड्याकडून पाण्याच्या लेव्हल पाईपने सगळ्या खोल्यांत तयार फरशीची रेघ मारून घ्यावी आणि त्या रेघेपासून मोजावे. दुसरे म्हणजे डबा विटेच्या पातळीत न बसवता प्लास्टरच्या जाडीइतका, साधारण अर्धा इंच पुढे ठेवावा. आत राहिला तर स्विचप्लेटचे स्क्रू पोहोचत नाहीत. जास्त पुढे आला तर प्लेट भिंतीवरून उचललेली दिसते.

चार इंची भिंतीत दोन्ही खोल्यांचे डबे पाठीला पाठ लावून कधीही घेऊ नयेत. भिंतीत आरपार भोक पडते आणि एका खोलीतले बोलणे दुसऱ्या खोलीत ऐकू येते. किमान फूटभर सरकवावेत. पाईपसाठी झिरी सरळ उभी मारावी. आडवी लांब झिरी अशा भिंतीला कमजोर करते, शिवाय खिळा ठोकताना पाईप कुठून गेला आहे याचा अंदाज राहत नाही.

लग्नाआधी घर बांधले जात असेल तर एक अडचण वेगळीच असते. आंदणात येणारे कपाट आणि फ्रीज किती रुंद असेल हे कोणालाच माहीत नसते. अशा वेळी कपाटाच्या भिंतीचा चार फुटांचा पट्टा पूर्ण कोरा सोडावा आणि फ्रीजसाठी १६ अँपिअरचा प्लग फ्रीजच्या मागे न ठेवता, त्याच्या जागेच्या शेजारी ओट्याच्या वर घ्यावा, म्हणजे फ्रीज पुढे न ओढता पिन काढता येते.

इन्व्हर्टर पुढे-मागे घ्यायचा विचार असेल तर पंख्या-दिव्यांची लाईन आत्ताच वेगळ्या पाईपने आणि वेगळ्या न्यूट्रलने ओढावी. न्यूट्रल एकत्र झाला की आरसीसीबी कारणाशिवाय पडत राहते, आणि वायरमन ती काढून टाकतो.

झिऱ्या सिमेंटने बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचा, टेप लावून, मोबाईलवर फोटो काढून ठेवावा. फोटोफ्रेम किंवा पाण्याच्या फिल्टरसाठी ड्रिल मारताना तोच एक पुरावा उरतो.