मीम आलं, सोबत शब्द एकही नाही

रस्त्यातून जाणाऱ्या मुलीकडे मागे वळून पाहणारा तरुण आणि त्याच्याकडे अवाक होऊन बघणारी त्याची प्रेयसी. २०१५ मधलं हे स्टॉक छायाचित्र २०१७ पासून मीम म्हणून जगभर फिरतं आहे. समजा कुणी त्यावर तीन लेबलं टाकली: तरुणावर ‘मी’, प्रेयसीवर ‘उद्याची परीक्षा’, जाणाऱ्या मुलीवर ‘कपाट आवरणं’. मग हे चित्र एखाद्या चित्र-भाषा मॉडेलला, म्हणजे चित्र आणि मजकूर दोन्ही वाचून उत्तर देणाऱ्या एआयला, पाठवलं आणि सोबत काहीच लिहिलं नाही, तर काय घडतं?

आधी चित्राचे चौकोनी तुकडे होतात. एका प्रचलित रचनेत चित्र ३३६ × ३३६ पिक्सेलवर आणतात आणि त्याचे १४ × १४ पिक्सेलचे ५७६ तुकडे पाडतात. प्रत्येक तुकड्याचं रूपांतर आकड्यांच्या एका ओळीत होतं आणि भाषेचं मॉडेल या ओळी शब्दांसारख्याच वाचतं. पहिली गळती इथेच होऊ शकते. मूळ चित्र १२०० पिक्सेल रुंद असेल, तर ३६ पिक्सेल उंचीचं अक्षर आकसून जेमतेम १० पिक्सेलचं उरतं. देवनागरीत याचा फटका जास्त बसतो, कारण अनुस्वाराचा टिंब किंवा ऱ्हस्व-दीर्घाचा फरक एखाद-दुसऱ्या पिक्सेलवर येऊन ठेपतो. नवी मॉडेलं मोठं चित्र भागाभागांत कापून वाचतात, त्यामुळे ही अडचण बरीच कमी झाली आहे.

लेबलं नीट वाचली गेली असं धरू. आता मॉडेलपुढे चित्र आहे, पण प्रश्न नाही. त्याच्या शिक्षणात चित्रासोबत बहुतेक वेळा दोनच गोष्टी आलेल्या असतात: चित्राखालचं वर्णन, नाहीतर चित्राबद्दलचा प्रश्न आणि त्याचं उत्तर. मित्राने न बोलता पुढे केलेलं चित्र आणि त्यावर दुसऱ्याचं हसणं, असं जोडीनं फारसं दिसलेलं नसतं. म्हणून मॉडेल सवयीच्या वाटेनं जातं. ‘या चित्रात तीन व्यक्ती आहेत’ अशी सुरुवात होते आणि पुढे बहुधा येतं: ‘परीक्षेच्या तयारीऐवजी लक्ष दुसरीकडे जातं, हा टाळाटाळीवरचा विनोद आहे.’

हे चूक नाही, पण यात कपाट हरवलं. एरवी कपाट आवरायचा मोह कुणालाच होत नाही, ते काम महिनोन्‌महिने पडून राहतं. परीक्षेच्या आदल्या रात्रीच ते एकाएकी हवंहवंसं वाटू लागतं. शिवाय ते उपयोगाचं काम असल्यामुळे अभ्यास टाळल्याची टोचणीही लागत नाही. माझ्या मते या मीमचं सगळं हसू याच जागी आहे. तिथे ‘मोबाइल पाहणं’ लिहिलं असतं तर मीम कळलं असतं, पण इतकं हसू आलं नसतं. ‘टाळाटाळ’ हा शब्द मात्र दोन्हींना सारखाच लागू पडतो.

मॉडेलने लेबलं वाचली की या मीमच्या नेहमीच्या साच्याचा पाठ केलेला अर्थ सांगितला, हे ओळखायची एक सोपी परीक्षा आहे: लेबलांची अदलाबदल करा. ‘कपाट आवरणं’ प्रेयसीवर आणि ‘उद्याची परीक्षा’ जाणाऱ्या मुलीवर टाका. आता अर्थ उलटा झाला. आवराआवरीत रमलेला माणूस अखेर परीक्षेकडे वळून पाहतो आहे. तरीही उत्तरात ‘अभ्यास टाळून कपाट आवरतो’ असंच आलं, तर मॉडेलने साचा ओळखला, पण कोणतं लेबल कुणावर आहे हे पाहिलं नाही.

ही चूक अनपेक्षित नाही. या साच्याची स्पष्टीकरणं मॉडेलने असंख्य वेळा वाचलेली असतात, त्यापुढे तीन छोट्या लेबलांच्या जागा दुबळ्या ठरतात. त्यात कोण कुठे आहे हे ओळखणं हा अशा मॉडेलांचा जुना कच्चा दुवा आहे. २०२२ मधल्या विनोग्राउंड या चाचणीत ‘बल्बभोवती रोपं’ आणि ‘रोपांभोवती बल्ब’ अशी तेच शब्द उलटसुलट असलेली वर्णनं योग्य चित्राशी जुळवायची होती. त्या वेळची मॉडेलं नुसत्या अंदाजापेक्षा फारशी पुढे गेली नाहीत. नंतरची सुधारली आहेत, पण विनोदात नेमकी ही अदलाबदलच गंमत आणते, म्हणून उरलेली चूक इथे चटकन उघडी पडते.

आणखी एक गोष्ट चित्रात नसतेच: ‘मी’ म्हणजे कोण? संभाषणात आधी ‘उद्या पेपर आहे’ असं आलं असेल, तर ‘मी’ म्हणजे पाठवणारा हे मॉडेल जुळवू शकतं. मागे काहीच नसेल, तर ‘मी’ हा कुणीही विद्यार्थी होतो आणि उत्तर धड्यासारखं कोरडं येतं. संदर्भ असताना ‘मग, किती कप्पे लावून झाले?’ एवढं उत्तरही पुरतं. त्यात स्पष्टीकरणाचा एक शब्द नाही, पण तिन्ही लेबलं वाचल्याशिवाय आणि ‘मी’ कोण हे कळल्याशिवाय ते सुचणार नाही.